दीड महिन्याची इंटर्नशिप अजून ‘प्रेझेंट’ कशी?

प्लेसमेंटचा मोसम जवळ आला की कॉलेजच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास पडतो, ‘कुणाकडे चांगला रेझ्युमे फॉरमॅट आहे का?’ मग एका सीनियरचा रेझ्युमे चाळीस जणांकडे फिरतो. रात्री दोन वाजेपर्यंत फॉन्ट बदलले जातात, समास सरळ केले जातात, ‘हार्डवर्किंग’ हा शब्द काढून पुन्हा घातला जातो. आणि या सगळ्या धावपळीत लिंक्डइनचं प्रोफाईल कुठे असतं? ते सेकंड इयरच्या वर्कशॉपमध्ये सरांनी सगळ्यांना एकदम उघडायला लावलेलं असतं. त्यानंतर त्यात कधी इंटर्नशिप टाकली, कधी एखादं सर्टिफिकेट, आणि विषय संपला.

गंमत अशी की त्याच रेझ्युमेच्या वरच्या कोपऱ्यात, फोन नंबरशेजारी, आपणच त्या प्रोफाईलची लिंक देतो. म्हणजे समोरच्याला आपणच सांगतो, ‘हे बघा, आणि तेही बघा.’ तो बघतो. एका बाजूला आपला रेझ्युमे, दुसऱ्या बाजूला प्रोफाईल. त्या दोघांत इंटर्नशिपच्या तारखा वेगळ्या, पद वेगळं, आकडे वेगळे असतील, तर त्याच्यासमोर एकाच मुलाच्या किंवा मुलीच्या दोन गोष्टी असतात. त्यातली खरी कोणती, हे शोधत बसायला त्याला वेळ नसतो. तुम्ही विसरलात की फुगवलंत, हेही त्याला कळायला मार्ग नसतो.

माझं स्पष्ट मत आहे की यातल्या बऱ्याचशा विसंगती कुणी खोटं बोलायचं म्हणून लिहिलेल्या नसतात. लिहिताना त्या खऱ्याच असतात. पुढे कॅलेंडर सरकतं, आणि आपण हात न लावता तेच वाक्य खोटं होऊन बसतं. पण याचा अर्थ जबाबदारी कॅलेंडरची, असा होत नाही.

एक उदाहरण घेऊ

समजा, बीकॉमला असलेली एक विद्यार्थिनी आहे. सेकंड इयरची परीक्षा झाल्यावर तिनं पुण्यातल्या एका छोट्या डिजिटल मार्केटिंग एजन्सीत इंटर्नशिप केली. एजन्सीनं शेवटी लेटर दिलं. त्यात लिहिलंय, पद ‘मार्केटिंग इंटर्न’, कालावधी २७ मे २०२४ ते १२ जुलै २०२४. मोजून ४७ दिवस, म्हणजे सात आठवड्यांना दोन दिवस कमी.

आता तिचा रेझ्युमे बघा. त्यात आहे, ‘डिजिटल मार्केटिंग एक्झिक्युटिव्ह, मे ते ऑगस्ट २०२४.’ ऑगस्ट कुठून आला? लेटर ऑगस्टमध्ये हातात पडलं, म्हणून तेच डोक्यात राहिलं. आणि एक्झिक्युटिव्ह? सीनियरच्या फॉरमॅटमध्ये तसं होतं. तिनं कंपनीचं नाव बदललं, पद तसंच राहिलं.

प्रोफाईलवर तिसरीच गोष्ट. तिथे तिनं इंटर्नशिपच्या पहिल्याच आठवड्यात उत्साहात ‘सोशल मीडिया मॅनेजर’ असं लिहिलं होतं, कारण एजन्सीचं इन्स्टाग्राम पेज खरंच तीच सांभाळत होती. माहिती भरताना `I am currently working in this role` या चौकटीत टिक केली होती. त्या दिवशी ती टिक बरोबरच होती. १२ जुलैला इंटर्नशिप संपली, टिक काढायची राहून गेली. त्यामुळे २०२५च्या नोव्हेंबरात, प्लेसमेंटच्या वेळी, तिचं प्रोफाईल सांगतंय:

`May 2024 – Present · 1 yr 7 mos`

सत्तेचाळीस दिवसांचे एक वर्ष सात महिने झाले. तिनं एक अक्षरही न लिहिता.

मुलाखतीत यावर पहिला प्रश्न कोणता येईल? ‘तुम्ही खोटं का लिहिलंत’ असं कुणी विचारत नाही. प्रश्न अगदी साधा असतो, ‘तुम्ही अजून तिथे काम करताय ना? मग नोटीस पिरियड किती आहे?’ ती गोंधळते. ‘नाही सर, ते तर गेल्या वर्षीच संपलं.’ मग समोरचा रेझ्युमेकडे बघतो, ‘ऑगस्टमध्ये?’ आणि ती म्हणते, ‘नाही, जुलैमध्ये.’ दोन मिनिटांत तीन तारखा! मुलगी हुशार आहे, काम तिनं मनापासून केलंय. पण आता पुढची वीस मिनिटं ती जे सांगेल, त्यातल्या प्रत्येक वाक्यापुढे समोरच्याच्या मनात एक छोटं प्रश्नचिन्ह असणार.

तारखा: सगळं खरं लिहूनही घोळ होतो तो इथे

समजा, तिनं आता टिक काढली आणि शेवटचा महिना बरोबर भरला. तरी एक गंमत उरते. लिंक्डइनवर तारीख टाकताना दिवस निवडता येत नाही, फक्त महिना आणि वर्ष. आणि कालावधी मोजताना पहिला महिना आणि शेवटचा महिना दोन्ही पूर्ण धरले जातात. त्यामुळे २७ मे ते १२ जुलै हा काळ प्रोफाईलवर असा दिसतो:

`May 2024 – Jul 2024 · 3 mos`

तीन महिने! मे महिन्याचे फक्त पाच दिवस आणि जुलैचे बारा, पण हिशेबात दोन्ही अख्खे. रेझ्युमेत तिनं प्रामाणिकपणे ‘सात आठवडे’ लिहिलं, तर आता खरं बोलूनही दोन कागद जुळत नाहीत. कित्येक जण इथे सोपा रस्ता धरतात. लिंक्डइनच तीन महिने म्हणतंय ना, मग रेझ्युमेतही तीन महिने टाकून देतात. माझ्या मते हाच रस्ता टाळायला हवा. यंत्रानं केलेली गोळाबेरीज आपण आपल्या तोंडून सांगायला लागलो की ती आपली होते.

उपाय अवघड नाही. दोन्हीकडे महिना-वर्ष सारखंच ठेवा, मे २०२४ ते जुलै २०२४. आणि प्रोफाईलवर त्या नोंदीच्या वर्णनात पहिली ओळ टाका, ‘सात आठवड्यांची इंटर्नशिप, २७ मे ते १२ जुलै २०२४.’ रेझ्युमेतही तेच. आता यंत्र काहीही मोजो, वाचणाऱ्याला खरा काळ दिसतो.

असाच कॅलेंडरचा घोळ शिक्षणाच्या नोंदीत होतो. तिथे शेवटचं वर्ष टाकताना भविष्यातलं, अपेक्षित वर्ष चालतं. फर्स्ट इयरला आपण `2022 – 2025` असं भरतो, तेव्हा ते अपेक्षितच असतं. पण पाचव्या सेमिस्टरची एक केटी राहिली, २०२५ उलटून गेलं, तर तीच नोंद आता ‘पदवी झाली’ असं म्हणू लागते. आणि रेझ्युमेत, मार्कशीट जोडायची असल्यामुळे, आपण ‘निकाल बाकी’ लिहिलेलं असतं. केटी असणं हा गुन्हा नाही. निम्म्या वर्गाला कधी ना कधी लागलेली असते. पण एका ठिकाणी केटी आणि दुसऱ्या ठिकाणी डिग्री, हे मात्र समजावून सांगणं जड जातं. म्हणून शेवटच्या वर्षाला असाल तर ते वर्ष आणि शेवटच्या मार्कशीटवरचं पास झाल्याचं वर्ष एकदा शेजारी शेजारी ठेवून बघा.

पद: काम वेगळं, नाव वेगळं

पदाच्या बाबतीत मात्र कॅलेंडरला दोष देता येत नाही. तिथे जे लिहिलंय ते आपणच लिहिलंय. आणि इथे मला आपल्या मित्रमंडळींचा युक्तिवाद माहीत आहे. ‘अगं पण काम तर मी मॅनेजरचंच केलं!’ मान्य. छोट्या ऑफिसात इंटर्नच्या अंगावर सगळं येऊन पडतं. पोस्ट लिहिणं, डिझाइन करून घेणं, क्लायंटचे फोन घेणं, सगळं.

पण पद ही तुमच्या कामाची पावती नसते. कंपनीनं तुम्हाला दिलेलं ते नाव असतं. ते आपल्या हातात नाही. आपल्या हातात आहे ते त्याखालचं वर्णन. तिथे मोकळेपणानं लिहा, ‘एजन्सीचं इन्स्टाग्राम पेज सांभाळलं, आठवड्याला चार पोस्ट लिहिल्या, दोन क्लायंटच्या मीटिंगची टिपणं काढली.’ ‘मार्केटिंग इंटर्न’ या नावाखाली हे वाचलं की वाचणारा म्हणतो, ‘अरे, इंटर्न असून एवढं केलं!’ आणि हेच ‘मॅनेजर’ या नावाखाली वाचलं की तोच माणूस म्हणतो, ‘मॅनेजर असून एवढंच?’ फुगवलेलं पद तुमचं खरं काम लहान करून टाकतं.

एक बारीक गोष्ट. लिंक्डइनवर पदाशेजारी `Employment type` असा रकाना असतो. त्यात `Internship` निवडता येतं. आपल्याकडे हा रकाना रिकामा सोडायची किंवा सरळ `Full-time` निवडायची सवय आहे. पण फुल-टाइम निवडलंत आणि त्याच काळात खाली फुल-टाइम कॉलेजही दिसतंय, तर विचारणारा विचारणारच. आणि नावाखालची ती एका ओळीची ओळख, म्हणजे हेडलाइन, वेगळी बदलावी लागते. खाली पद दुरुस्त केलं तरी वर ‘सोशल मीडिया मॅनेजर’ तसंच राहू शकतं. आणि पान उघडल्यावर डोळा पहिल्यांदा तिथेच जातो.

दावे: आकड्याला पाया हवा

आपल्या उदाहरणातल्या मुलीनं रेझ्युमेत लिहिलं, ‘फॉलोअर्समध्ये ४० टक्के वाढ.’ प्रोफाईलवर लिहिलं, ‘फॉलोअर्स दुप्पट केले.’ खरा आकडा काय होता? ती आली तेव्हा पेजचे २,१५० फॉलोअर्स होते, निघाली तेव्हा ३,०१०. वाढ ८६०ची, म्हणजे बरोबर ४० टक्के. रेझ्युमे खरा निघाला. ‘दुप्पट’ कुठून आलं, हे तिलाही आता आठवत नाही.

पण ४० टक्के हा आकडा खरा असूनही अर्धवट आहे. पेज तीन जण मिळून चालवत होते आणि काही पोस्टना पैसे देऊन बूस्ट केलं होतं. मुलाखतीत ‘हे कसं केलंत?’ असं विचारलं की हे बाहेर येणारच. मग आधीच लिहिलेलं काय वाईट? ‘तीन जणांच्या टीममध्ये काम. सात आठवड्यांत पेजचे फॉलोअर्स २,१५० वरून ३,०१० (४० टक्के वाढ), पेड बूस्टसह.’ या ओळीत बढाई नाही, पण वाचणाऱ्याला विचारायला चार चांगले प्रश्न आहेत, आणि चारही प्रश्नांची उत्तरं तिच्याकडे आहेत.

हे असले दावे लहान मुलांचे खेळ वाटत असतील, तर एक मोठ्या माणसाची गोष्ट सांगते. २०१२च्या जानेवारीत स्कॉट थॉम्पसन हे याहूचे सीईओ झाले. त्याआधी ते पेपालचे अध्यक्ष होते. त्यांच्या परिचयात अमेरिकेतल्या स्टोनहिल कॉलेजची अकाउंटिंग आणि कॉम्प्युटर सायन्स अशी पदवी लिहिलेली होती. कंपनीनं सरकारी नियामकाकडे दिलेल्या कागदपत्रांतही तेच गेलं. याहूमध्ये गुंतवणूक असलेल्या थर्ड पॉइंट या फंडानं मे महिन्यात ते तपासलं. पदवी १९७९ची होती आणि फक्त अकाउंटिंगची. आणि त्या कॉलेजनं कॉम्प्युटर सायन्सची पदवी द्यायला सुरुवातच मुळी १९८३ साली केली होती. दहा-बारा दिवसांत थॉम्पसन यांना पद सोडावं लागलं. त्यांच्याकडे खरी पदवी होती, वर्षानुवर्षांचा खरा अनुभव होता. परिचयातले दोन जादा शब्द तेवढे खोटे होते, आणि ते पकडले गेले ते साध्या तारखांच्या ताळ्यावरून.

पण बघतं कोण?

हा प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून उत्तरही प्रामाणिक द्यायला हवं. प्रत्येक कंपनी प्रत्येकाचं प्रोफाईल उघडून बघत नाही. ऑफरनंतर जे बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन होतं, त्यात लिंक्डइन हा पुरावा म्हणून धरलाही जात नाही. तिथे मार्कशीट, डिग्री, अनुभवाचं लेटर तपासलं जातं, आणि आधीच्या कंपनीच्या एचआरला मेल करून दोन गोष्टी तर विचारल्या जातातच, किती तारखेपासून किती तारखेपर्यंत, आणि पद कोणतं. इंटर्नशिप तर काही ठिकाणी तपासतही नाहीत.

मग काळजी कशाला? कारण त्या व्हेरिफिकेशनचा फॉर्म आपण भरतो. रात्री अकराला, शेवटच्या दिवशी, आणि भरताना समोर काय उघडं असतं? रेझ्युमे, नाहीतर प्रोफाईल. त्यातलं ‘एक्झिक्युटिव्ह’ आणि ‘ऑगस्ट’ जसंच्या तसं फॉर्ममध्ये उतरतं, आणि खाली ‘वरील माहिती खरी आहे’ यावर आपली सही. एजन्सीच्या एचआरचं उत्तर येतं, ‘इंटर्न, १२ जुलैपर्यंत.’ प्रोफाईलवरची जुनी विसंगती आता सहीनिशी दिलेली चुकीची माहिती झाली. माहिती खोटी आढळल्यास ऑफर रद्द होऊ शकते, जॉइन झाल्यावरही काढलं जाऊ शकतं, असं कलम ऑफर लेटरमध्ये बहुतेक वेळा असतं. आपण ते वाचत नाही, एवढंच.

आणि पुढे नोकरी लागल्यावर हे आणखी घट्ट होतं. पीएफ कापला जात असेल, तर तुमच्या यूएएन नंबराखाली प्रत्येक कंपनीत जॉइन झाल्याची आणि ती सोडल्याची तारीख नोंदली जाते. तिथे ‘साधारण ऑगस्ट असेल’ चालत नाही. सवय आत्ताच लागलेली बरी.

सारखं म्हणजे कॉपी-पेस्ट नव्हे

बातमी लिहायला शिकताना आम्हाला पहिली सवय लावली जाते ती नाव, पद आणि तारीख मूळ कागदावरून तपासायची. दुसऱ्या बातमीवरून नाही. रेझ्युमेचंही तसंच आहे. रेझ्युमे बघून प्रोफाईल दुरुस्त करू नका, आणि प्रोफाईल बघून रेझ्युमेही नाही. दोन्ही दुरुस्त करायची ती लेटर आणि मार्कशीट समोर ठेवून.

म्हणजे नेमकं काय करायचं? एक साधं पान घ्या. प्रत्येक इंटर्नशिप, नोकरी, कोर्ससाठी एक ओळ. त्यात कागदावर आहे तसं पद, पहिली तारीख, शेवटची तारीख, आणि तुम्ही जे आकडे सांगता ते कुठून आले. मग कॉम्प्युटरवर स्वतःचं प्रोफाईल उघडून `Save to PDF` करा. स्क्रीनवर सरकवत वाचताना जे सुटतं, ते कागदावर दिसतं. रेझ्युमे आणि हे पीडीएफ त्या पानाशी ताडून बघा, आणि टीपीओच्या फॉर्ममध्ये भरलेलं असेल तर तेही. दुरुस्ती करताना `Notify network` बंद ठेवा, नाहीतर दीड वर्षापूर्वीच्या इंटर्नशिपबद्दल तुमचं नव्यानं अभिनंदन करणारे भेटतील.

छोट्या कंपनीनं लेटरच दिलं नसेल, तर आजच मेल करा. ‘मी तुमच्याकडे या पदावर, या तारखेपासून या तारखेपर्यंत काम केलं, कृपया याला दुजोरा द्यावा.’ त्यावर आलेलं एका ओळीचं उत्तरही पुढे उपयोगी पडतं. तुम्हाला ओळखणारा माणूस ती कंपनी सोडून जायच्या आत हे करा.

रेझ्युमे आधीच चुकीचा गेला असेल, तर दुरुस्त केलेला पाठवा आणि सोबत एकच ओळ लिहा, ‘आधीच्या रेझ्युमेत इंटर्नशिपची शेवटची तारीख आणि पद चुकलं होतं, दुरुस्त प्रत जोडली आहे.’ लांबलचक माफी नको. समोरच्यानं चूक शोधण्याआधी तुम्ही ती कळवली, हेच पुरेसं आहे.

आणि हो, दोन्हीकडे सगळं एकसारखं असायलाच हवं, असं अजिबात नाही. प्रोफाईलवर सहा नोंदी आणि रेझ्युमेत तीनच, चालेल. बँकेच्या नोकरीसाठीच्या रेझ्युमेत नाटकाची एकांकिका गाळली, चालेल. कंपनीचे आतले आकडे सगळ्या जगासमोर नकोत म्हणून प्रोफाईलवर टाकले नाहीत, उलट तेच शहाणपणाचं. गाळायला मुभा आहे. बदलायला नाही. जी गोष्ट दोन्हीकडे आहे, तिची तारीख, पद आणि आकडा एकच हवा.

‘सगळेच फुगवतात, मग मीच का मागे राहू?’ हे मी कॅन्टीनमध्ये इतक्या वेळा ऐकलंय की त्याचं उत्तर देऊन टाकते. सगळे फुगवत असतील, तर फुगवलेलं प्रोफाईल काही वेगळं उठून दिसत नाही. मुलाखतीत ‘सात आठवडे, इंटर्न होते, तिघं होतो, ८६० फॉलोअर्स वाढले’ असं न अडखळता सांगणारी मुलगी मात्र दिसते. तिला काहीही लक्षात ठेवावं लागत नाही, कारण तिच्याकडे सांगायला एकच गोष्ट आहे.

तेव्हा पुढचा रेझ्युमे पाठवायच्या आधी फॉन्ट नंतर बघा. आधी प्रोफाईल उघडा आणि बघा, कुठली जुनी इंटर्नशिप अजून ‘प्रेझेंट’ लावून बसलीये का.